धुऱ्याच्या भांडणाचा निकाल: शिक्षा वाढवणारी आणि घटवणारी कारणे कशी शोधावीत

सत्र न्यायालयाचा निकाल हातात आला की बहुतेक जण थेट शेवटचे पान उघडतात. तिथे 'आदेश' या मथळ्याखाली किती वर्षे कैद आणि किती दंड एवढेच असते. सहाच वर्षे का, दहा का नाहीत, याचे उत्तर त्याच्या आधीच्या दोन-तीन पानांत असते. ती पाने कशी वाचायची ते एका काल्पनिक पण विदर्भात कुठेही घडेल अशा खटल्यावरून पाहू.

2021 मधली घटना. यवतमाळ जिल्ह्यातले गाव, दोन भाऊबंद, शेजारी वावरे. धुऱ्यावरची बोर तोडण्यावरून शिवीगाळ झाली. 58 वर्षांच्या आरोपीने बंडीची उभारी उपसली आणि चुलतभावाच्या डोक्यात एक वार केला. दोन दिवसांनी तो दवाखान्यात मरण पावला. दोषारोप खुनाचा, म्हणजे भारतीय दंड संहितेच्या कलम 302 चा होता. दोषी ठरवले ते कलम 304 च्या दुसऱ्या भागाखाली, म्हणजे ठार मारण्याचा हेतू नसलेल्या सदोष मनुष्यवधासाठी. शिक्षा 6 वर्षे सश्रम कारावास आणि 25,000 रुपये दंड. त्यातले 20,000 मयताच्या विधवेला.

निकाल मिळवणे अवघड नाही. कैदेची शिक्षा झाल्यास आरोपीला निकालाची प्रत लगेच आणि विनामूल्य मिळते. इतरांनी न्यायालयात नकलेसाठी अर्ज करावा किंवा `ecourts.gov.in` वर खटल्याचा CNR क्रमांक टाकून निकाल उघडावा. मात्र संकेतस्थळावरची प्रत ही प्रमाणित नक्कल नव्हे. ती वाचण्यापुरती ठीक आहे.

आता पेन घ्या आणि पहिल्यांदा कमाल आणि किमान शिक्षा कागदाच्या वर लिहा. त्याखाली कारणांच्या यादीसाठी दोन रकाने आखा: डावा वाढवणाऱ्यांचा, उजवा घटवणाऱ्यांचा. कलम 304 च्या दुसऱ्या भागात कमाल 10 वर्षे आहेत, किमान काहीच नाही. म्हणजे न्यायाधीशांना शून्यापासून दहापर्यंत मोकळीक होती आणि त्यांनी सहा निवडली. ही पट्टी समोर नसेल तर पुढची यादी निरर्थक ठरते, कारण काही गुन्ह्यांत कायदाच किमान शिक्षा ठरवतो. पोक्सोच्या कलम 6 मध्ये 2019 च्या दुरुस्तीपासून किमान 20 वर्षे आहेत. तिथे आरोपीची गरिबी किंवा पोरेबाळे शिक्षेला त्या रेषेखाली नेऊ शकत नाहीत. घटना 1 जुलै 2024 ची किंवा त्यानंतरची असेल तर भारतीय न्याय संहिता लागू होते आणि कलम 304 चा गुन्हा तिथे कलम 105 मध्ये सापडतो. म्हणून निकालाची नव्हे, घटनेची तारीख आधी पाहा.

मग निकालाचा तो भाग शोधा जिथे न्यायाधीश 'शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकण्यासाठी थांबतो' असे लिहितात. दोषी ठरवल्यावर न्यायालयाला शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे वेगळे ऐकावेच लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम 235(2) होते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 258(2). आपल्या निकालात हा भाग परिच्छेद 41 पासून सुरू होतो असे समजा.

इथेच सर्वांत जास्त गफलत होते. परिच्छेद 41 म्हणतो, आरोपीच्या वकिलांनी सांगितले की आरोपी अल्पभूधारक आहे, दोन मुलींची लग्ने बाकी आहेत, आधीचा गुन्हा नाही. परिच्छेद 42 म्हणतो, सरकारी वकिलांनी कमाल शिक्षा मागितली. हे सारे युक्तिवाद आहेत. न्यायालयाने ते मानले की नाही हे अजून कळलेलेच नाही. वाचणारा मात्र ते उचलून 'सौम्य करणारे घटक' म्हणून लिहून मोकळा होतो. प्रत्येक ओळीपुढे 'कोण बोलते आहे' हे लिहायची सवय लावा: बचाव पक्ष, सरकार, की न्यायाधीश. यादीत जागा फक्त शेवटच्याला.

परिच्छेद 43 मध्ये न्यायाधीश स्वतः बोलू लागतात. आरोपीचे वय 58, पूर्वी दोषसिद्धी नाही, आणि खटला चालू असताना त्याने जामिनाच्या अटी मोडल्या नाहीत: हे तिन्ही त्यांनी मान्य केले, म्हणून उजव्या रकान्यात, घटवणारे. मुलींच्या लग्नाबद्दल ते लिहितात की मयताच्या मागेही पोरके कुटुंब आहे, त्यामुळे हा मुद्दा आरोपीच्या बाजूने वजन देत नाही. हा घटक घटवणारा नाही, पण वाढवणाराही नाही. त्यासाठी 'मांडला, नाकारला' असा तिसरा रकाना ठेवा. अल्पभूधारक असल्याचा तर पुढे उल्लेखच नाही. तो 'मांडला, उत्तर नाही' असा लिहा. अपिलात वकिलाला याच ओळीचा उपयोग होतो.

वाढवणारी कारणे अनेकदा अशा परिच्छेदात लपतात जिथे आपण ती शोधत नाही. बचाव पक्षाने 1958 च्या कायद्याखाली प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची विनंती केली होती; परिच्छेद 44 ती फेटाळतो. फेटाळण्याचे कारण देताना न्यायाधीश लिहितात की वार मयताच्या दहा वर्षांच्या मुलासमोर झाला, आणि जखमीला ऑटोत टाकायला धावलेल्या पुतण्याला आरोपीने अडवले. नकाराच्या ओघात आलेल्या याच दोन गोष्टी या निकालातली खरी वाढवणारी कारणे आहेत. प्रोबेशनचा परिच्छेद म्हणूनच हळू वाचा.

आता एक अवघड जागा. 'एकच वार', 'आधी बेत नव्हता', 'उभारी हाताशी सापडली', या गोष्टी निकालात दोनदा येतात. पहिल्यांदा त्या परिच्छेद 35 मध्ये आहेत, जिथे खुनाचा दोषारोप 304 वर आला. ठार मारण्याचा हेतू नव्हता हे त्यांच्यावरूनच ठरले, म्हणजे त्यांचा फायदा आरोपीला मिळून चुकला आहे. त्याच गोष्टी परिच्छेद 43 मध्ये पुन्हा शिक्षा घटवायला वापरल्या असतील, तर यादीत त्या लिहा, कारण आपण न्यायालयाने काय तोलले तेच नोंदवतो आहोत. पण पुढे 'दुसऱ्यांदा मोजले' अशी खूण करा. उलट बाजूनेही तसेच आहे. 'एक जीव गेला' हे वाढवणारे कारण म्हणून लिहिले असेल, तर थांबा: जीव गेल्याशिवाय कलम 304 लागतच नाही. गुन्ह्याच्या व्याख्येतच जे आहे त्याने शिक्षा वाढत नाही. मुलासमोर वार करणे किंवा मदत अडवणे हे व्याख्येबाहेरचे, म्हणून ते वाढवते.

आरोपी 14 महिने कच्च्या कैदेत होता आणि आदेशात ती वजावट दिली आहे, म्हणजे प्रत्यक्ष भोगायची उरतात 4 वर्षे 10 महिने. ही वजावट कारण म्हणून लिहू नका. ती हिशेब आहे, तोलणे नव्हे. तसेच 'आरोपीवर आणखी गुन्हे दाखल आहेत' हे सरकारी वकिलांचे वाक्य, पूर्वीची दोषसिद्धी सिद्ध झाल्याशिवाय वाढवणाऱ्या रकान्यात जात नाही. दाखल गुन्हा म्हणजे शिक्षा झालेला गुन्हा नव्हे.

प्रत्येक ओळीपुढे परिच्छेद क्रमांक टाका. अशी एक ओळ पुरे: 'पुतण्याला अडवले, वाढवणारे, परि. 44, न्यायाधीशांचे शब्द, साक्षीदार क्र. 3 वर आधारित'. साक्षीदाराचा क्रमांक न दिसल्यास त्या गोष्टीला पुरावा कुठला, हे मागच्या पानांत शोधा. पुरावा न सापडता केवळ शिक्षेच्या भागातच आलेली गोष्ट अपिलात सगळ्यात आधी टीकेखाली येते.

मयताच्या घरच्यांसाठी ही यादी वेगळ्या कारणाने लागते. शिक्षा फार कमी वाटते एवढ्यावर पीडित कुटुंबाला स्वतः अपील करता येत नाही. ते अपील राज्य सरकार करू शकते. पण पीडिताला तीन कारणांनी अपिलाचा हक्क आहे: आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यासाठी दोषी ठरला, किंवा भरपाई अपुरी दिली. म्हणजे इथे विधवेला 'सहा वर्षे कमी आहेत' असे नव्हे, तर '302 ऐवजी 304 चुकीचे' किंवा 'वीस हजार अपुरे' असे म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावे लागेल. त्यासाठी तिच्या वकिलाला परिच्छेद 35 मधली कारणे आणि 43-44 मधली कारणे वेगवेगळ्या कागदांवर काढून द्या. दोन्ही एकत्र मिसळली तर तो आधी तीच सोडवत बसेल.