कूलर बदलला आणि पीसी सुरूच होईना: माझा अनुभव

एएम४ सॉकेटवरचा जुना कूलर ओढला तेव्हा प्रोसेसर त्याला चिकटून बाहेर आला. सॉकेटची लिव्हर लॉक असतानाही असं होतं, कारण वाळलेली थर्मल पेस्ट गोंदासारखी धरते. प्रोसेसर परत बसवून नवा कूलर लावला, तर पंखे फिरले पण डिस्प्ले नाही. मदरबोर्डवरचा CPU दिवा लागलेलाच.

पॉवर केबल काढून पुन्हा उघडलं. प्रोसेसर एका कोपऱ्यात केसभर वर होता. लिव्हर उभी करून तो कडेने धरून काढला आणि टॉर्चचा उजेड तिरपा टाकून पिना पाहिल्या. वरून बघून काही कळत नाही. डोळा पिनांच्या पातळीवर आणून रांगेच्या टोकाकडून बघायचं, आधी उभ्या रांगा, मग आडव्या. कडेच्या रांगेतल्या दोन पिना ओळ सोडून झुकल्या होत्या.

लीड काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलचं टोक पिनेवर चढवून अगदी थोडं थोडं सरळ केलं. सारखं मागेपुढे वाकवलं की पीन तुटते, म्हणून दर वेळी रांग तपासली. मग प्रोसेसरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवला. इथे दाबायचं नाही: पिना सरळ असतील तर तो स्वतःच्या वजनाने सपाट बसतो. बसला, लिव्हर खाली केली, नवी पेस्ट लावली, आणि बायोस दिसला.

आता कूलर काढण्याआधी पीसी थोडा वेळ चालवून पेस्ट गरम करतो, मग बंद करून, कूलर डावीउजवीकडे हलकेच फिरवून सोडवतो. पिना सॉकेटमध्येच असलेल्या बोर्डांवर मात्र पेन्सिल चालत नाही. तिथे भिंग आणि बारीक सुई लागते.