आरोप सिद्ध न झाल्याचं तक्रारदाराला कसं सांगावं

चौकशी संपते, अहवाल येतो आणि शेवटच्या पानावर एक ओळ असते: ‘आरोप सिद्ध होत नाहीत.’ ती ओळ तक्रार करणाऱ्या माणसाला समोर बसवून सांगणं हे एचआरच्या कामातलं फार अवघड काम आहे. मी पहिल्यांदा ते केलं तेव्हा फक्त ती ओळ वाचून दाखवली. समोरच्या बाईंनी एवढंच विचारलं, “म्हणजे मी खोटं बोलले?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ओळीमागची कारणं मी नीट वाचलेलीच नव्हती.

आधी ‘सिद्ध नाही’ची फोड करा

हे दोन शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरले जातात. एक, घटना घडली की नाही हेच ठरवता आलं नाही. दोन, घटना घडली, पण तिचा हेतू किंवा नियमभंग दाखवता आला नाही. तीन, घटना घडलीच नाही असं पुराव्यातून दिसलं. तक्रारदाराच्या दृष्टीनं या तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तक्रार जाणूनबुजून खोटी होती, हा तर चौथाच, स्वतंत्र निष्कर्ष आहे. त्यासाठी वेगळा पुरावा लागतो आणि चौकशी समितीनं तसं लिहिलं नसेल तर तो तुमच्या बोलण्यात कुठेही डोकावता कामा नये.

म्हणून भेटीआधी एक कागद घ्या आणि प्रत्येक आरोपापुढे चार गोष्टी लिहा: आरोप काय होता, काय काय तपासलं, काय आढळलं, आणि निष्कर्ष कुठे अडला. अहवालातून हे लिहिता येत नसेल तर भेट पुढे ढकला आणि समितीकडून कारणं लेखी मागवा.

एक उदाहरण घेऊ. एका कर्मचारी बाईंची विभागप्रमुखांविरुद्ध तीन आरोपांची तक्रार आहे. पहिला, मासिक बैठकीत सगळ्यांसमोर “तुम्हाला एवढंही जमत नाही का” असं म्हणून अपमान केला. दुसरा, बैठकांमधून मुद्दाम वगळलं. तिसरा, केबिनमध्ये एकटं बोलावून “पुढे बघतो तुमच्याकडे” अशी धमकी दिली. अहवालात तिन्हींपुढे ‘सिद्ध नाही’ लिहिलंय, पण कागदावर मांडलं की तिन्हींची कारणं वेगळी निघतात.

बैठकीत हजर असलेल्या पाच जणांपैकी दोघांना आवाज चढल्याचं आठवतं, नेमके शब्द कुणालाच आठवत नाहीत. वगळल्याचं तर कॅलेंडरवरच दिसतं: सहापैकी चार बैठकांचं बोलावणं बाईंना गेलेलं नाही. पण कामाची विभागणी झाल्यावर त्याच बैठकांतून आणखी दोघं बाहेर पडलेत, त्यामुळे ‘मुद्दाम’ हा भाग टिकत नाही. धमकीच्या वेळी तिसरं कुणीच नव्हतं. बाई त्या संध्याकाळी अस्वस्थ होत्या हे एका सहकाऱ्यानं सांगितलं, पण त्यांनी त्याला काय झालं ते सांगितलेलं नव्हतं. विभागप्रमुखांनी साफ नकार दिलाय.

भेटीची तयारी

निकाल आधी ईमेलनं कधीच पाठवू नका. समोरासमोर सांगा, आणि पत्र त्याच भेटीत हाती द्या. दोन्ही बाजूंना एकाच दिवशी कळवा, आधी तक्रारदाराला. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळची वेळ टाळा, कारण प्रश्न घरी गेल्यावर सुचतात आणि मग दोन दिवस विचारायला कुणी नसतं. बोलणारी व्यक्ती एकच असावी आणि दुसरीनं नोंद घ्यावी. तक्रारदाराला विश्वासातलं कुणी सोबत आणायचं असेल तर आणू द्या. खोली अशी निवडा की बाहेर पडताना त्यांना विभागप्रमुखांच्या टेबलासमोरून जावं लागणार नाही.

निकाल पहिल्या दोन मिनिटांत

हवापाण्याच्या गप्पा नकोत आणि प्रक्रियेचा लांबलचक इतिहासही नको. माणूस निकालाची वाट पाहत असताना त्याच्या कानावर दुसरं काही पडत नाही. साधं बोला: “समितीनं तुमचे तिन्ही आरोप तपासले. एकही सिद्ध झालेला नाही. याचा अर्थ तुम्ही खोटं बोललात असा नाही, आणि समितीनं तसं म्हटलेलंही नाही. प्रत्येक आरोपाबाबत काय झालं ते सांगते.” मग थांबा. रडू येईल, राग येईल, कदाचित शांतता पसरेल. ती शांतता भरायची घाई करू नका.

“मला स्वतःला तुमचं पटतं” असं मात्र सांत्वन म्हणूनही बोलू नका. तुम्ही समितीच्या वतीनं बसलेले असता, आणि हेच वाक्य पुढे अपिलात तुमच्यासमोर येतं.

कारणं आरोपागणिक

आता तो कागद कामाला येतो. आधी मोजमाप समजावा. खात्यांतर्गत चौकशीत सहसा फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. घटना घडल्याची शक्यता न घडल्यापेक्षा जास्त आहे का, एवढंच पाहतात. दोन्ही पारडी सारखी राहिली तर समितीला ‘सिद्ध’ म्हणता येत नाही.

मग प्रत्येक आरोप. “बैठकीत आवाज चढला होता, हे समितीला आढळलं. शब्द निश्चित करता आले नाहीत.” “चार बैठकांचं बोलावणं तुम्हाला आलं नाही, हे खरं आहे. ते तुम्हाला त्रास द्यायला केलं, हे दाखवता आलं नाही.” “केबिनमधल्या बोलण्याबद्दल दोन परस्परविरोधी जबाब आहेत आणि कुठलंही पारडं जड करणारं तिसरं काही मिळालं नाही.” जे आढळलं ते आधी सांगा, अडलं ते नंतर. आपलं म्हणणं कुठवर पोचलं हे माणसाला कळायला हवं.

“आवाज चढल्याचं कोण म्हणालं?” हा प्रश्न हमखास येतो. साक्षीदारांची नावं आणि जबाब सांगता येत नाहीत, हे सरळ सांगा. मात्र किती जणांशी बोललो आणि कुठल्या नोंदी पाहिल्या हे सांगायला सहसा हरकत नसते, आणि तेवढ्यानं चौकशी खरोखर झाली हे दिसतं. गट इतका लहान असेल की आकड्यावरूनच माणूस ओळखू येईल, तर आकडाही सांगू नका.

पत्रातले शब्द

पत्र तुमच्या बोलण्याशी जुळलं पाहिजे. ‘बिनबुडाचे’, ‘तथ्यहीन’, ‘क्लीन चिट’ हे शब्द गाळा. समितीनं त्यातलं काहीच ठरवलेलं नसतं. अपील कुणाकडे आणि किती दिवसांत करायचं, हे तारखेसकट लिहा.

उद्यापासून काय

आरोप सिद्ध झाले नाहीत तरी त्या बाईंना उद्या त्याच विभागप्रमुखांकडून कामाचं मूल्यमापन करून घ्यायचं असतं. म्हणून निघण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा: रजा कोण मंजूर करणार, मूल्यमापनावर दुसऱ्या कुणाची नजर असेल का, आणि त्रास झाला तर फोन कुणाला करायचा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाविरुद्धचा 2019 सालचा 190 क्रमांकाचा करार तक्रारदारासोबत साक्षीदारांनाही सूडापासून संरक्षण मागतो. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणून ते संरक्षण संपलं असं समजू नका. विभागप्रमुखांनाही हे त्याच दिवशी लेखी कळवा. बैठकांची बोलावणी कुणाला जातात याची घडी नीट बसवायची शिफारस निष्कर्षाशिवायही करता येते, आणि या उदाहरणात ती करायलाच हवी.

दोन आठवड्यांनी स्वतः फोन करा, मग तीन महिन्यांनी पुन्हा. “सगळं ठीक ना?” विचारलं तर “हो” एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा नेमकं विचारा: या महिन्यात कुठल्या बैठकांना बोलावणं आलं, कुठली कामं काढून घेतली, रजा कधी नाकारली. उत्तरं तारखेसह फाइलला लावा.