कनिष्ठ सहकाऱ्याला अभिप्राय देताना विशेषण खोडा, घडलेले लिहा

लेखी अभिप्राय पाठवण्यापूर्वी त्यातील ‘आळशी’, ‘निष्काळजी’, ‘नेहमी’, ‘कधीच’ असे शब्द अधोरेखित करावेत आणि प्रत्येक ठिकाणी मी प्रत्यक्ष काय पाहिले, हे स्वतःला विचारावे. उत्तर सापडले नाही, तर ते वाक्य सरळ काढून टाकावे.

समजा, लेखा विभागातील नव्या सहकाऱ्याबद्दल आपण ‘जीएसटीच्या कामात निष्काळजीपणा आहे’ असे लिहिले. हे वाचून त्याला वाईट वाटेल, पण उद्या काय वेगळे करायचे ते कळणार नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल: “जूनच्या ताळमेळात दोन खरेदी बिलांचे क्रेडिट धरले आहे, परंतु ती बिले जीएसटीआर-२बी मध्ये दिसत नाहीत. विवरणपत्र तसेच गेले असते, तर जादा क्रेडिट व्याजासह परत करण्याची वेळ येऊ शकली असती. हे ताळमेळ करताना तुम्ही कोणती यादी वापरली होती?”

शेवटचा प्रश्न केवळ सौजन्यापोटी नाही, कारण २बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर बनणारी क्रेडिटची यादी, दर महिन्याच्या १४ तारखेच्या सुमारास तयार होते आणि त्याने त्याआधीच काम उरकले असेल, तर दोष स्वभावाचा नसून वेळापत्रकाचा ठरतो. मग सूचनाही नेमकी देता येते: २बी आल्यावरच अंतिम ताळमेळ करावा आणि न जुळलेली बिले वेगळ्या रकान्यात दाखवावीत.

मात्र सौम्यतेच्या नादात रक्कम किंवा परिणाम गाळू नये. गुळमुळीत अभिप्रायाने चूक तशीच राहते. ‘छान काम, पण’ अशी सुरुवातही माझ्या मते टाळावी.