गोळा ४५ अंशांत का फेकू नये

अकरावीत असताना शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकात मी वाचलं की, वस्तू ४५ अंशांच्या कोनात फेकली की ती सगळ्यात लांब जाते. दुसऱ्या दिवशी मैदानावर गोळाफेकीत तेच करून पाहिलं. हात वर, नजर वर, गोळाही वर. त्याआधी माझी फेक साडेनऊ मीटरच्या आसपास पडायची, ती नऊच्या जवळ आली. सर एवढंच म्हणाले, "अरे, गोळा आभाळात नकोय, पुढे जायला हवा." पुस्तक चुकीचं नव्हतं. ४५ अंशांमागची अट मी वाचली नव्हती.

ती अट म्हणजे वस्तू जिथून सुटते आणि जिथे पडते, त्या दोन्ही जागा एकाच उंचीवर हव्यात. पायाने मारलेल्या फुटबॉलला ते बरंचसं लागू पडतं (हवेचा विरोध सोडून दिला तर). गोळा मात्र खांद्याच्याही वरून सुटतो आणि जमिनीवर पडतो. माझ्या हातातून तो साधारण १.८ मीटरवर सुटायचा. हातातून सुटलेला गोळा पुन्हा त्याच उंचीला आला की पुढचे हे १.८ मीटर त्याला फुकटचे मिळतात, आणि ते उतरताना तो पुढेही सरकत असतो. जो पुढे जास्त वेगाने चाललाय, त्याला या उतरण्याचा फायदा जास्त होतो. म्हणून कोन थोडा खाली आणायचा.

किती खाली? सेकंदाला ९ मीटर वेग आणि १.८ मीटर उंची धरून हिशेब केला, तर ४५ अंशांवर गोळा ९.७९ मीटर जातो, ४० अंशांवर ९.९० आणि ३५ अंशांवर ९.८०. म्हणजे सगळ्यात चांगला कोन ४० च्या आसपास आहे, पण पाच अंश इकडेतिकडे झाले तरी जेमतेम दहा-बारा सेंटिमीटर जातात. आता वेग दहा टक्के वाढवून बघा, ९ चा ९.९ करा. त्याच ४० अंशांवर फेक ११.६५ च्या पुढे जाते, पावणेदोन मीटरची वाढ. हे आकडे पहिल्यांदा कागदावर मांडले तेव्हा मी आठवडाभर कोनाच्या मागे का लागलो होतो, याचं मलाच हसू आलं.

मग माझी फेक दहा-बारा नाही, चांगली चाळीस-पन्नास सेंटिमीटर कमी का झाली? कारण कागदावरच्या हिशेबात वेग कुठल्याही कोनाला तोच धरलेला असतो. शरीर तसं वागत नाही. जिममध्ये बेंच प्रेसला आपण जितकं वजन ढकलतो, तितकं शोल्डर प्रेसला ढकलता येत नाही. गोळा जितका उभा ढकलायचा, तितकी छातीची मदत कमी होते आणि गोळ्याचं वजन उचलण्यातच जोराचा मोठा वाटा खर्च होतो. कोन वाढला की सुटतानाचा वेग पडतो. म्हणूनच जगातले उत्तम गोळाफेकपटू, ज्यांचा गोळा सेकंदाला १३-१४ मीटर वेगाने आणि दोन मीटरहून अधिक उंचीवरून सुटतो, ते हिशेबातल्या ४२ अंशांना फेकत नाहीत. त्यांचा कोन बहुतेक ३५ ते ३८ च्या दरम्यान असतो.

हे स्वतःच्या फेकीवर तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, साधा मोबाइल पुरतो. मी वर्गमित्राला वर्तुळापासून बाजूला, बराच लांब उभं केलं, म्हणजे हात आणि गोळा पडण्याची जागा दोन्ही चौकटीत येतील. (मोबाइल हातात न धरता टेकवून ठेवा, आणि माणूस गोळा पडण्याच्या जागेच्या, म्हणजे सेक्टरच्या, बाहेरच हवा.) व्हिडिओ सेकंदाला ३० चौकटींचा, म्हणजे ३० फ्रेमचा. गोळा बोटांपासून सुटलेली चौकट आणि जमिनीला टेकलेली चौकट, यांच्यामधल्या चौकटी मोजल्या.

त्या उंच फेकीच्या ४५ चौकटी भरल्या, म्हणजे गोळा दीड सेकंद हवेत होता. टेपवर अंतर ९.१० आलं. टेप वर्तुळाच्या पुढच्या कडेला बसवलेल्या स्टॉप बोर्डाच्या आतल्या कडेपासून लागतो, पण गोळा सुटतो तेव्हा हात बोर्डाच्या पुढे गेलेला असतो. माझा सुमारे ३० सेंटिमीटर पुढे होता, म्हणून प्रत्यक्ष प्रवास ९.४० मीटर. त्याला दीडने भागलं की पुढे जाण्याचा वेग मिळतो, ६.२७. वर जाण्याच्या वेगासाठी आधी गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याला, म्हणजे ४.९ ला, वेळेच्या वर्गाने गुणायचं, ११.०३ येतात. त्यातून सुटण्याची उंची १.८ वजा करायची आणि उरलेल्याला वेळेने भागायचं, ६.१५. दोन्ही वेग जवळपास सारखे, म्हणजे कोन ४४ अंशांच्या वर. एकूण वेग ८.८.

त्यानंतर सरांनी मला समोरच्या कुंपणाच्या वरच्या तारेकडे बघून ढकलायला लावलं. बाकी काही बदललं नाही. दोन आठवड्यांनी टेपवर ९.९० आलं आणि हवेत ४२ चौकटी, म्हणजे १.४ सेकंद. तोच हिशेब केला तर पुढचा वेग ७.२९, वरचा ५.५७, कोन ३७ अंशांच्या थोडा वर आणि एकूण वेग ९.१७. बघा, फायदा कोनाने थेट दिलेला नाही. कोन उतरला म्हणून वेग वाढला, आणि लांबी वेगाने दिली.

या पद्धतीवर फार विसंबू नका. एक चौकट चुकली तरी कोन दीड अंशाने हलतो, त्यामुळे दोन-तीन अंशांच्या फरकावरून भांडण्यात अर्थ नाही. पाच फेकींची सरासरी घ्या, किंवा मोबाइलमध्ये सेकंदाला ६० चौकटींची सोय असेल तर ती वापरा.

गोळ्याला हवा जवळजवळ जाणवतच नाही, म्हणून वरचा हिशेब जमतो. भाल्याला तो तसाच लावायला गेलात तर फसाल. भाला हवेवर तरंगतो, आणि तिथे दोन वेगळे कोन असतात. भाला ज्या दिशेने निघाला तो एक, आणि त्याचं टोक ज्या दिशेला रोखलंय तो दुसरा. दोन्ही जवळजवळ एक असतील तर भाला हवा कापत जातो. नवशिके फेकताना मनगट मागे पाडतात, टोक वर उचललं जातं, आणि हात ३५ अंशांनी फिरला तरी भाला त्याहून बराच उभा असतो. मग हवा त्याच्या पोटावर आदळते, भाला मध्येच अडतो आणि शेपटीकडून किंवा आडवा खाली येतो. फेकणाऱ्याच्या मागे उभे राहा. भाल्याची शेपटी ठिपक्यासारखी दिसली तर ठीक, सुटल्या सुटल्या अख्खी लांबी दिसली तर टोक वर गेलंय.

हवेचा हा वाटा किती मोठा आहे ते नियमांवरूनच कळतं. १९८४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होनने १०४.८० मीटर भाला फेकला. मैदानं अपुरी पडायची भीती होतीच, शिवाय भाले आडवे पडून टोक आधी टेकलं की नाही यावर वाद व्हायचे. १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढे सरकवला, टोक लवकर खाली झुकू लागलं आणि फेकी आखूड झाल्या. वजन तेच ८०० ग्रॅम राहिलं.

बारावीच्या पेपरात गोळाफेकीचा कोन विचारला तर नुसतं "४५ अंश" लिहू नका. सुटण्याची उंची पडण्याच्या उंचीपेक्षा जास्त असल्याने कोन ४५ हून कमी, हे आधी लिहा आणि खाली वेगाचं कारण एका ओळीत जोडा. आकृती काढताना वक्राची सुरुवात जमिनीपासून करू नका, हातापासून करा. माझा एक गुण तिथेच गेला होता.