परकीय उपकंपनीचे एकत्रीकरण: रूपांतर फरकाच्या या चुका टाळा

एकत्रित ताळेबंद जुळला म्हणजे रूपांतर बरोबर झाले, असे समजणे धोक्याचे आहे, कारण ईआरपी उरलेला फरक मुकाट्याने रूपांतर राखीव खात्यात टाकते आणि दोन्ही बाजू जुळवून देते. इंड एएस २१ नुसार मालमत्ता व देणी अखेरच्या दराने आणि उत्पन्न-खर्च व्यवहाराच्या दिवशीच्या (व्यवहारात बहुधा सरासरी) दराने रूपांतरित होतात. भागभांडवल मात्र प्रचलित पद्धतीनुसार मूळ दरालाच राहते, आणि सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो.

समजा, पुण्यातील कंपनीने १ एप्रिलला अमेरिकी उपकंपनीत १ लाख डॉलर भांडवल घातले, तेव्हा दर ८० रुपये होता. वर्षाचा नफा २० हजार डॉलर, सरासरी दर ८२ आणि ३१ मार्चचा दर ८४. निव्वळ मालमत्ता १.२ लाख डॉलर, म्हणजे १००.८ लाख रुपये. भांडवल ८० लाख आणि नफा १६.४ लाख धरल्यास ४.४ लाखांचा फरक उरतो, तो इतर सर्वसमावेशक उत्पन्नातून राखीवात जातो. पडताळणीही सोपी आहे: भांडवलावर ४ रुपयांच्या दरवाढीचे ४ लाख आणि नफ्यावर २ रुपयांचे ४० हजार.

आता भांडवलाच्या खात्याला चुकून अखेरचा दर लावला, तर ते ८४ लाख होते आणि राखीवात फक्त ४० हजार दिसतात. ताळेबंद तरीही जुळतो. चूक उघडी पडते ती गुंतवणूक वजा करताना, कारण मूळ कंपनीच्या पुस्तकात गुंतवणूक ८० लाखच असते आणि ४ लाख लोंबकळत राहतात. ते ‘किरकोळ फरक’ म्हणून जर्नलने मिटवू नका. खात्याचा रूपांतर प्रकार दुरुस्त करून प्रक्रिया पुन्हा चालवा.

पुढच्या वर्षी हीच चूक राखीव नफ्यात डोके वर काढते. मागील वर्षाचे १६.४ लाख रुपयांतच पुढे ओढायचे असतात. २० हजार डॉलर नव्या दराने पुन्हा गुणले, तर सुरुवातीची शिल्लक गतवर्षीच्या अखेरच्या शिलकेशी जुळत नाही. लेखापरीक्षक बहुधा इथूनच सुरुवात करतात.

समूहांतर्गत कर्जाविषयीचा गैरसमज अधिक चिवट आहे. कर्जाची शिल्लक वजा होते म्हणून मूळ कंपनीला झालेला विनिमय नफा-तोटाही आपोआप वजा होतो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो एकत्रित नफा-तोटा पत्रकात राहतो. नजीकच्या भविष्यात परतफेड अपेक्षित नसलेले कर्ज निव्वळ गुंतवणुकीचा भाग मानले जाते, आणि केवळ तेव्हाच हा फरक एकत्रीकरणात राखीवात हलवावा लागतो. यासाठी आधी मूळ कंपनीत परकीय शिलकांचे पुनर्मूल्यन, मगच एकत्रीकरण, असा क्रम ठेवावा आणि दोन्हीकडे अखेरचा एकच दर वापरावा.

जपानी उपकंपनी असल्यास आणखी एक गोष्ट पाहा: येनचा संदर्भ दर १०० येनला दिला जातो. एसएपीत OB08 मध्ये तो भरण्यापूर्वी त्या चलनजोडीचे गुणोत्तर १०० ला १ आहे का, हे तपासा. ते १ ला १ असेल, तर उपकंपनी शंभरपट फुगलेली दिसेल.