ट्रॅफिकचं विनोदी गाणं: हशा यमकावरच पडावा म्हणून

लग्नाला निघालेला माणूस ट्रॅफिकमध्ये इतका अडकतो की पोचेपर्यंत त्या जोडप्याच्या बाळाचं बारसं सुरू झालेलं असतं. कल्पना सुचली की हात आपसूक असं लिहून जातो:

लग्नाला निघालो पण ट्रॅफिक लागले होते
पोचलो तेव्हा तिथे बारसे चालले होते

यमक आहे, विनोदही आहे, पण दोघांची भेट होत नाही. हसू येतं ‘बारसे’ या शब्दावर, आणि त्यानंतर गाणाऱ्याला ‘चालले होते’ पूर्ण करावं लागतं. तोवर अर्धे लोक हसत असतात आणि उरलेल्यांना यमकच ऐकू येत नाही. मराठीत हे वारंवार घडतं, कारण आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. बोलण्याच्या ओघात लिहिलं की यमक आहे, होते, करतो, बसलो यांवरच पडतं आणि विनोदाचा शब्द मधेच उघडा पडतो. सुदैवाने पद्यात शब्दक्रम फिरवायला आपल्याकडे पूर्वापार मुभा आहे. तिचा उपयोग इथे करायचा.

म्हणून सुरुवात शेवटापासून करा. आधी फक्त हशाचा शब्द कागदावर लिहा: बारसे. तो शक्यतो नाम असावा. मग त्याच्याशी जुळणारे शब्द शोधा. आरसे आहे, वारसे आहे, फारसे आहे. यांतला निवडायचा तो सगळ्यांत साधा, रोजच्या बोलण्यातला. ‘ट्रॅफिक फारसं नाही’ हे आपण रोज फोनवर सांगतो, त्यामुळे ‘फारसे’ कानाला खटकत नाही. हा साधा शब्द आधी यावा आणि चमत्कारिक शब्द नंतर. उलट केलं तर दुसरी ओळ केवळ यमक जुळवायला आणल्यासारखी वाटते, आणि श्रोत्याला ते लगेच कळतं.

आता मात्रा. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन, आणि जोडाक्षराचा आघात आला की आधीचं अक्षरही दोन मात्रांचं. केरवा तालाचं आवर्तन आठ मात्रांचं असतं, म्हणून सोळा मात्रांची ओळ दोन आवर्तनांत नेमकी बसते. ‘बारसे’च्या पाच मात्रा होतात. म्हणजे त्याच्या आधी तीन मात्रांचा शब्द हवा आणि त्याच्याही आधी आठ मात्रांचा तुकडा:

लग्नासाठी तडक निघालो,
ट्रॅफिक नव्हते म्हणे फारसे;
मांडवदारी जेव्हा आलो,
चालू होते तिथे बारसे!

‘चालू होते’च्या आठ मात्रा, ‘तिथे’च्या तीन, ‘बारसे’च्या पाच. शेवटच्या शब्दापर्यंत काहीच फुटत नाही. ‘म्हणे’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. पुढे घोळ होणार याची हलकी चाहूल तो देतो, पण कसला घोळ ते सांगत नाही.

दुसऱ्या कडव्यात उशिराचाच विनोद पुन्हा नको. पहिल्या दिवशी कामावर निघालेला माणूस निवृत्तीच्या दिवशी पोचला, हा वेगळ्या कपड्यांतला तोच विनोद आहे, आणि लोक तो तुमच्या आधी ओळखतात. ट्रॅफिकमधली दुसरी वेदना घ्या, उदाहरणार्थ मधेच घुसणारा:

डावीकडुनी घुसला कोणी,
म्हटले कुठला नवा पाहुणा;
काच उघडुनी शिव्या घातल्या,
वळला तर तो खुद्द मेहुणा!

इथे एक धोका आहे. ‘पाहुणा’ला जुळणारे शब्द थोडेच, त्यामुळे ‘मेहुणा’ आधीच ओळखला जाऊ शकतो. म्हणून कडवं एखाद्या मित्राला शेवटचा शब्द गाळून म्हणून दाखवा. त्याने क्षणात अचूक शब्द सांगितला तर कडवं फार सोपं आहे. तो विचारात पडला आणि शब्द ऐकल्यावर हसला, तर कडवं जमलं. शब्द ऐकूनही ‘म्हणजे?’ असं विचारलं, तर दोष शेवटात नाही, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत आहे. तिथे शिव्या घातल्याचा उल्लेख नसता, तर नुसता मेहुणा दिसण्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं.

गाडी-दाढीसारखं अर्धं यमक कवितेत खपून जातं. इथे मी ते टाळतो, कारण विनोद आवाजाच्या टाळीवर उभा असतो आणि ‘ड’ला ‘ढ’ भेटला की टाळी अर्धवट वाजते.

गाताना शेवटच्या शब्दाआधी किंचित थांबा, पण ठेका सोडू नका. कडवं संपलं की एक आख्खं आवर्तन ढोलकीला द्या. हशा तिथे मावतो. लगेच ध्रुवपद उचललंत तर लोक तुमचं ऐकायला म्हणून हसणं आवरतात. ध्रुवपदात विनोद घालूच नका. ‘सिग्नल हिरवा, गाडी अडली’ एवढी सोळा मात्रांची साधी ओळ पुरते. तिसऱ्यांदा ती आली की श्रोते स्वतःच म्हणू लागतात, आणि तुम्हाला पुढच्या कडव्यासाठी श्वास घेता येतो.