रिदम स्ट्रिप वाचताना या चुका टाळा: १५० चा रेट आणि लपलेली पी वेव्ह

नव्याने मॉनिटरिंगला आलेल्या सिस्टर आणि ब्रदर यांना शिकवताना मी व्हीटी-व्हीएफच्या आधी एक साधी दिसणारी स्ट्रिप समोर ठेवते. समजा, ६८ वर्षांचे एक रुग्ण आहेत, ऑपरेशनचा दुसरा दिवस. मॉनिटरवर रेट १५०, क्यूआरएस अरुंद, ठोके एकसारखे. ताप होता, दुखतही होतं, म्हणून चार्टवर ‘सायनस टॅकिकार्डिया’ लिहिलं जातं आणि पॅरासिटामॉल दिलं जातं. ताप उतरतो, रेट मात्र १५० वरच राहतो. ही सायनस टॅकिकार्डिया नाही, आणि ते स्ट्रिपवर आधीपासून दिसत होतं. कुठे निसटलं ते एकेक पायरी घेऊन पाहू.

पहिली चूक असते स्क्रीनवरचा आकडा तसाच उतरवण्याची. मॉनिटर उंच लाटा मोजतो. टी वेव्ह उंच असेल तर तीही ठोका म्हणून धरली जाते आणि रेट दुप्पट दिसतो. क्यूआरएस बुटका असेल तर ठोके गाळले जातात. म्हणून स्ट्रिप छापा, कागदाचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर आहे ना ते बघा आणि रेट स्वतः काढा. या वेगाला लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि मोठा ०.२ सेकंदाचा. ताल नियमित असेल तर दोन आर वेव्हमधले मोठे चौकोन मोजून ३०० ला भागा. आपल्या स्ट्रिपवर बरोबर दोन मोठे चौकोन आहेत, म्हणजे १५०. ताल अनियमित असेल तर हे सूत्र वापरू नका, कारण कोणते दोन ठोके धरले त्यावर उत्तर बदलेल. तिथे ३० मोठे चौकोन, म्हणजे सहा सेकंद मोजा आणि त्यातल्या क्यूआरएसना दहाने गुणा. मोजणी चालू असताना एक हात रुग्णाच्या नाडीवर असू द्या. स्ट्रिप विजेचे संदेश दाखवते, नाडी किती पोहोचते ते दाखवत नाही.

दुसरी पायरी तालाची. रेट जास्त असला की अनियमित तालही डोळ्यांना एकसारखा वाटतो, त्यामुळे वेगवान एट्रियल फिब्रिलेशन ‘रेग्युलर’ म्हणून लिहिलं जातं. कागदाच्या कडेवर दोन आर वेव्हच्या खुणा करा आणि ती कड पूर्ण स्ट्रिपवर सरकवत न्या. तीन ठोके जुळले म्हणून थांबू नका. आपल्या रुग्णाच्या स्ट्रिपवर पहिल्यापासून शेवटपर्यंत अंतर दहा लहान चौकोनच राहतं.

आता मॉनिटरचा ट्रेंड उघडा. ही सवय फार थोडे जण लावून घेतात, पण ती लावायलाच हवी. गेल्या दोन तासांत रेट १४९ ते १५१ च्या बाहेर गेलेलाच नाही. सायनसचा रेट असा खिळून राहत नाही. तो कूस बदलताना चढतो, झोप लागली की उतरतो, ताप गेला की हळूहळू खाली येतो. शिवाय २२० मधून वय वजा करण्याचा ढोबळ हिशोब केला तर या वयात व्यायामाचा कमाल रेट साधारण १५२ येतो. पडून असलेल्या माणसाचा सायनस रेट तिथवर पोहोचला असेल, तर त्यामागे तेवढंच मोठं कारण दिसायला हवं.

सगळ्यात जास्त घसरण पी वेव्हपाशी होते. क्यूआरएसच्या आधी उंचवटा दिसला की ‘पी आहे’ म्हणून लोक पुढे जातात. तीन प्रश्न विचारा: प्रत्येक क्यूआरएसआधी ती आहे का, आकार आणि अंतर तेच आहे का, आणि आणखी एखादी पी कुठे लपली आहे का? तिसरा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो.

आपल्या स्ट्रिपवर लीड टूमध्ये उंचवटा दोन क्यूआरएसच्या अगदी मधोमध आहे, पुढच्या क्यूआरएसच्या पाच लहान चौकोन आधी. म्हणजे पीआर ०.२० सेकंद. नॉर्मलची वरची मर्यादा तीच असली, तरी सायनस इतका वेगात असताना पीआर सहसा आखडतो. इथे तो लांब आहे, हा पहिला संशय. पी अशी बरोबर मध्यावर दिसली की दुसरी क्यूआरएसमध्येच दडलेली असू शकते. कागदावर पाच चौकोनांची खूण करून सरकवा: एक लाट मधोमध, पुढची क्यूआरएसच्या शेपटाला चिकटलेली, पुन्हा एक मधोमध. आधी ती क्यूआरएसचा छोटा खाचा वाटत होती. मॉनिटरची लीड बदलून व्ही-वन घेतली की त्याच अंतरावर छोट्या लाटा वेगळ्या दिसतात. एट्रियाचा रेट ३०० आणि खाली दोनात एक ठोका पोहोचतो: एट्रियल फ्लटर, दोनास एक ब्लॉक. फ्लटरमध्ये एट्रिया बहुधा ३०० च्या आसपास धावतात, म्हणून १५० वर खिळलेला अरुंद, नियमित ताल दिसला की पहिला विचार फ्लटरचा करा. आधीपासून हृदयाचा वेग कमी करणारी औषधं चालू असतील तर हे आकडे खाली सरकतात, तेव्हा फक्त १५० च शोधत बसू नका.

इथे एक सावधगिरी. हाताचा कंपही सेकंदाला पाच-सहा वेळा होऊ शकतो, म्हणजे मिनिटाला ३०० च्या जवळपास, आणि बेसलाइनवर हुबेहूब फ्लटरसारख्या लाटा उठतात. हात धरून स्थिर केल्यावर किंवा लीड बदलल्यावर त्या गेल्या, तर तो कंप होता. फ्लटर असेल तर लाटा तशाच राहतात.

क्यूआरएसची रुंदी मोजताना फक्त टोकदार भाग मोजू नका. रेषा बेसलाइन सोडते तिथपासून क्यूआरएस संपेपर्यंत मोजा, आणि तो सर्वांत रुंद दिसेल त्या लीडमध्ये. तीन लहान चौकोन, म्हणजे ०.१२ सेकंद किंवा जास्त असेल तर रुंद. रुंद, वेगवान आणि नियमित ताल हा दुसरं काही सिद्ध होईपर्यंत व्हीटी समजायचा. आपल्याकडे दोनच चौकोन आहेत. एवढ्यावरून संदेश वरून आला हे कळतं, वर कुठून ते नाही. ‘अरुंद आहे म्हणजे सायनस’ ही उडी इथेच मारली जाते.

आता बीपी, शुद्ध, छातीत दुखणं, धाप तपासा आणि १२ लीडचा ईसीजी काढा. डॉक्टरांना ‘टॅकिकार्डिया आहे’ एवढंच सांगू नका. असं सांगा: “रेट १५०, दोन तास बदललेला नाही, ताल नियमित, क्यूआरएस अरुंद, दोन क्यूआरएसच्या मधोमध पी दिसते, फ्लटरची शंका आहे, बीपी इतकं आहे.” बीपी पडलेलं असेल, शुद्ध हरपत असेल किंवा छातीत दुखत असेल तर स्ट्रिपवर आणखी वेळ घालवू नका, आधी मदत बोलवा.

निदान पक्कं करायला डॉक्टर ॲडेनोसिन देणार असतील, तर इंजेक्शनच्या आधीच स्ट्रिप छापायला सुरू करा. औषधाने फ्लटर सहसा थांबत नाही, पण एव्ही नोड काही सेकंद अडतो, क्यूआरएस थांबतात आणि मधल्या रिकाम्या जागेत लाटा उघड्या पडतात. प्रिंटर तेव्हा चालू नसेल तर तो पुरावा हातून जातो. स्ट्रिपवर वेळ, लीड आणि औषधाचा डोस लिहून ती फाइलला लावा.